सलाईन किती वेळ चालणार? बाटली, थेंब आणि घड्याळाचा हिशोब

वॉर्डात नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, "सिस्टर, ही बाटली कधी संपल?" आणि आम्ही बरेचदा अंदाजानं "तीन-चार तास" म्हणून पुढच्या बेडकडं जातो. पण ह्याचा हिशोब अगदी सोपाय, सातवीतल्या पोराला जमल असा, आणि तो पेशंटजवळ बसलेल्या माणसाला यायलाच पाहिजे असं माझं मत आहे, कारण रात्री एका सिस्टरकडं तीस-तीस पेशंट असतात आणि बाटलीकडं सगळ्यात जास्त वेळ नजर असते ती उशाशी बसलेल्या लेकाची नाहीतर सुनेची. जीएनएम, एएनएमचं नर्सिंग शिकणाऱ्या पोरींनाही हे तोंडपाठ लागतंच, पण पाठ केलेलं सूत्र बेडजवळ कुठं घसरतं ते पुस्तकात नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहायलेय. हे सगळं स्टँडला टांगलेल्या, थेंबथेंब पडणाऱ्या साध्या सलाईनबद्दल आहे. मशीनवर म्हणजे इन्फ्युजन पंपावर लावली असल तर तासाला किती मिली ते तिथं स्क्रीनवरच दिसतं, थेंब मोजायचं कामच नाही.

आधी सेटचं पाकीट बघा

हिशोबाला तीन गोष्टी लागतात. बाटलीत किती मिली आहे, मिनिटाला किती थेंब पडायलेत आणि त्या सेटचे किती थेंब मिळून एक मिली होतो. पहिल्या दोन सगळ्यांच्या लक्षात येतात, तिसरी विसरतात, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

थेंबाचा आकार औषधावर कमी आणि सेटवर जास्त अवलंबून असतो. नळीच्या वरच्या बाजूला ती पारदर्शक कुपी असते ना, ड्रिप चेंबर, तिच्यात थेंब ज्या तोंडातून पडतो ते तोंड जाड असलं की थेंब मोठा, बारीक असलं की छोटा. आपल्याकडं मोठ्या माणसांना जो साधा आयव्ही सेट लावतात त्याचे बहुतेक वेळा २० थेंब म्हणजे १ मिली. लहान लेकरांना जो मायक्रो सेट किंवा ब्युरेट सेट लावतात, म्हणजे मधे आकडे असलेली उभी नळकांडी असते तो, त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिली. काही कंपन्यांचे १५ थेंबांचे सेटही असतात. हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं, त्यामुळं सेट फोडल्यावर पाकीट लगेच कचऱ्यात टाकू नका, आकडा बघून घ्या, आणि पाकीट गेलंच असल तर सिस्टरला विचारा. अंदाज करू नका, कारण अंदाज चुकला तर थोडाथोडका चुकत नाही. मिनिटाला ४२ थेंब साध्या सेटवर पडायले तर ५०० मिलीची बाटली चार तासात जाते, तेच ४२ थेंब मायक्रो सेटवर पडायले तर तीच बाटली जवळपास बारा तास चालते. बघणाऱ्याला दोन्हीकडं थेंब सारखेच पळताना दिसतात.

मुख्य हिशोब

बाटलीतले मिली गुणिले एका मिलीचे थेंब, म्हणजे बाटलीत एकूण किती थेंब आहेत ते कळतं. त्याला मिनिटाच्या थेंबांनी भागलं की किती मिनिटं लागणार ते येतं. बस, एवढंच.

```
वेळ (मिनिटं) = मिली × एका मिलीचे थेंब ÷ मिनिटाचे थेंब
५०० × २० ÷ ४० = २५० मिनिटं = ४ तास १० मिनिटं
```

म्हणजे साध्या सेटवर ५०० मिलीची बाटली म्हणजे दहा हजार थेंब. हा आकडा एकदा डोक्यात बसला की मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला आणि दहा हजाराला थेंबांनी भागलं की झालं. बाटली १०० मिलीची असली तर दोन हजार थेंब, लिटरची असली तर वीस हजार.

ह्याहून सोपी एक युक्ती आहे ती मी तर रोज वापरते. साध्या २० थेंबांच्या सेटला मिनिटाच्या थेंबांना तीननं गुणा, तासाला किती मिली चाललंय ते मिळतं. का तीन, तर तासाला ६० मिनिटं आणि मिलीला २० थेंब, साठ भागिले वीस म्हणजे तीन. ४० थेंब असले तर तासाला १२० मिली, ३० असले तर ९०. सेट १५ थेंबांचा असल तर चारनं गुणायचं, आणि मायक्रो सेटला तर गुणायचंच नाही, मिनिटाला जितके थेंब तितकेच मिली तासाला. लेकरांच्या वॉर्डात ब्युरेट सेट वापरायचं हेही एक कारण, हिशोबच उरत नाही.

उलटा हिशोबही यायला पाहिजे. डॉक्टर केसपेपरवर बरेचदा "चार तासात ५००" एवढंच लिहितात, थेंब काढायचं काम आमचं. चार तास म्हणजे २४० मिनिटं, दहा हजार भागिले २४० म्हणजे ४१.६, अर्धा थेंब तर पडत नाही म्हणून ४२ धरायचे.

थेंब मोजायचे कसे

इथं घाई करणारे लई आहेत. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं ही पद्धत सगळीकडं चालते, पण त्यात एक थेंब जरी चुकला तरी मिनिटाला चार थेंबांचा फरक पडतो. खरे ४२ पडत असताना तुम्ही ४६ धरले तर वाटतं बाटली ३ तास ३७ मिनिटात संपल, ३८ धरले तर वाटतं ४ तास २३ मिनिटं लागतील. म्हणजे एका थेंबाच्या चुकीनं वीस-पंचवीस मिनिटांचा घोळ. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजा, मोबाईलवर टायमर लावून, नजर चेंबरवर ठेवून, आणि टायमर सुरू केल्यावर पडलेला पहिला थेंब "एक" धरून. लाईट गेली असल तर मोबाईलची बॅटरी चेंबरच्या मागून धरा, थेंब स्पष्ट दिसतो.

मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त आवडते, ती म्हणजे थेंब ठरवून सेकंद मोजायचे. साध्या सेटचे २० थेंब पडायला किती सेकंद लागले ते बघा, तेवढ्या सेकंदात एक मिली गेलं. समजा २८ सेकंद लागले, बाटलीत ५०० मिली आहे, तर ५०० गुणिले २८ म्हणजे १४,००० सेकंद, भागिले ६० म्हणजे २३३ मिनिटं, पावणेचार तासाच्या वर दहाएक मिनिटं. हितं पहिला थेंब पडताना स्टॉपवॉच चालू करायचं आणि त्याला "शून्य" म्हणायचं, विसावा पडला की बंद. पहिल्याला "एक" म्हणालात तर एकोणीस थेंबांचाच वेळ मोजला जाईल.

थेंब इतके वेगानं पडत असतील की धारच लागल्यासारखी दिसायली तर मोजायच्या भानगडीत पडू नका, तिथं बाटलीवरची खूण आणि घड्याळ बघूनच वेग कळतो. आणि तशी धार डॉक्टरनं मुद्दाम सोडायला सांगितली नसल तर आधी सिस्टरला हाक मारा.

एक केस पूर्ण बघू

मे महिना, लातूरकडची बाजू, उन्हानं आणि उलट्या-जुलाबानं वॉर्ड भरलेला. पन्नाशीच्या एक काकू आल्या, सुकून गेलेल्या, पण बीपी ठीक, लघवी होत होती. डॉक्टरनं आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनची, ५०० मिलीची बाटली चार तासात द्यायला सांगितली. सेट साधा, २० थेंबांचा. सकाळी दहाला लावली, ४२ थेंबांवर सेट केली. हिशोबानं दोन वाजता संपायला पाहिजे.

बाटली लावल्या लावल्या मी एक काम करते, पांढऱ्या चिकटपट्टीची एक उभी पट्टी बाटलीवर चिकटवते आणि तासातासाला पाणी कुठं असायला पाहिजे ते तिच्यावर लिहिते. तासाला १२५ मिली म्हणजे अकराला ३७५ राहिलेलं, बाराला २५०, एकला १२५, दोनला खलास. पेन बाटलीवर चालवायचं नाही, पट्टीवरच लिहायचं, मार्करची शाई प्लॅस्टिकमधून आत जाऊ नये म्हणून. पट्टी असली की नातेवाईकालाही गणित करावं लागत नाही, पाणी आणि घड्याळ जुळतंय का एवढंच बघायचं.

साडेअकराला त्यांचा पुतण्या आला, "सिस्टर, पट्टीच्या मानानं पाणी वरच दिसायलंय." जाऊन बघितलं तर बाटलीत ३५० मिली शिल्लक. दीड तासात १८७ जायला पाहिजे होतं, गेलं फक्त १५०. म्हणजे सरासरी वेग तासाला १०० मिली. मग थेंब मोजले, मिनिटाला ३३. तीननं गुणलं तर ९९. दोन्ही आकडे जुळले.

ही जुळणी लई कामाची आहे, जरा नीट समजून घ्या. बाटलीतलं पाणी सांगतं की आतापर्यंत सरासरी काय वेग होता, आणि थेंब सांगतात की ह्या घडीला काय वेग आहे. दोन्ही सारखे असले तर सलाईन पहिल्यापासून तशीच संथ चाललीय, म्हणजे लावतानाच कमी सेट झाली किंवा लावल्या लावल्या वेग उतरला. पाणी सांगतंय १०० आणि थेंब सांगतायत १२६, तर मधे कधीतरी ती अडली होती आणि आता पुन्हा नीट चाललीय, बहुतेक पेशंट त्या हातावर झोपला होता. आणि पाणी १२६ सांगतंय पण थेंब ९९, तर आत्ताच काहीतरी बिघडलंय, सुईच्या जागेकडं लगेच बघायचं.

काकूंनी हात कोपरात दुमडून छातीवर ठेवला होता. तो सरळ केला, थेंब ३८ वर आले. सुईची जागा बघितली, सूज नाही, दुखत नाही. मग रोलर, म्हणजे नळीवरचं वेग कमी-जास्त करायचं चाक, थोडा उघडून ४२ वर आणलं. तोपर्यंत ११:३५ झाले होते. आता नवीन हिशोब राहिलेल्या पाण्याचाच करायचा, मागचं सोडून द्यायचं. ३५० गुणिले २० म्हणजे ७,०००, भागिले ४२ म्हणजे १६७ मिनिटं, पावणेतीन तासांच्या वर दोन मिनिटं, म्हणजे साधारण दोन वाजून वीस मिनिटांनी संपणार. आणि तशीच ३३ वर चालू ठेवली असती तर संपायला तीन वाजले असते.

पुतण्या म्हणाला, "मंग थोडी फास्ट करा की, दोनला व्हायली होती ना." दोनला संपवायची तर ४८ थेंब लागले असते, आकडा काही लई मोठा वाटत नाही. पण मागं राहिलेलं भरून काढायला वेग वाढवायचा का नाही हे डॉक्टरनं ठरवायचं, मी किंवा पुतण्यानं नाही. डॉक्टरला विचारलं, ते म्हणाले चालू दे ४२ वरच. ह्या काकूंना कदाचित काही झालं नसतं, पण शेजारच्या बेडवर हार्टचे आजोबा असतात, किडनीचे पेशंट असतात, त्यांना पाणी जास्त वेगानं गेलं तर फुफ्फुसात पाणी साचून दम लागतो. आणि ज्या बाटलीत पोटॅशियम घातलंय तिला तर हातच लावायचा नाही, ते वेगानं गेलं की थेट हृदयाच्या ठोक्यावर येतं. म्हणून नातेवाईकांना हात जोडून सांगते, मोजा, लिहा, हिशोब करा, आम्हाला सांगा, पण रोलर फिरवू नका. एकच वेळ अशी की रोलर पूर्ण बंद करून धावत सांगायला यायचं, ती पुढं सांगते.

वेग का बदलतो

लोकांना वाटतं एकदा सेट केली की तशीच चालणार. तसं नसतं. शेतात ठिबक असलेल्यांना हे लवकर कळतं, टाकी उंचावर असली की दाब जास्त, खाली आणली की कमी, सलाईनचंही तसंच आहे. बाटली पेशंटच्या हातापासून साधारण तीन फूट वर असायला पाहिजे. स्टँड खाली केला, पेशंट उठून बसला, पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, ह्या प्रत्येक गोष्टीनं थेंब बदलतात. बाटली रिकामी व्हायली तसा पाण्याचा दाबही थोडा कमी होतो, म्हणून शेवटी शेवटी सलाईन जरा रेंगाळते. रोलरखाली दबलेली प्लॅस्टिकची नळीही हळूहळू आपला आकार बदलते, त्यामुळं लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि मग तासातासाला. त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला तर तेवढा वेळ सलाईन थांबते, म्हणून बीपी दुसऱ्या हाताचं घ्यावं.

बाथरूमला जाताना बाटली हातात खाली धरून नेतात, मग रक्त नळीत मागं येतं आणि घरचे घाबरतात. बाटली हातापेक्षा उंच धरायची एवढंच. परत आल्यावर मात्र थेंब मोजायचेच.

आता ती रोलर बंद करायची वेळ. थेंब एकदम मंदावले आणि सुईच्या भोवती हात फुगला, कातडी ताणल्यासारखी आणि गार लागायली, पेशंट दुखतंय म्हणायला, तर पाणी शिरेत नाही, बाहेर मांसात चाललंय. अशा वेळी वेग वाढवला तर सूजच वाढते. रोलर बंद करा आणि सिस्टरला बोलवा, सुई दुसरीकडं लावावी लागते. सलाईन चालू असताना थंडी वाजून हुडहुडी भरली, अंगावर पित्त उठलं किंवा दम लागला तरी हेच करायचं.

हिशोबात न दिसणारा वेळ

चार तास म्हणलं तरी घड्याळाच्या काट्यावर चार तास होत नाहीत. सेटचा थेंब अगदी काटेकोर नसतो, दहा टक्के इकडंतिकडं धरूनच चालायचं, आणि बाटलीतही छापलेल्यापेक्षा थोडं जास्तच पाणी भरलेलं असतं. म्हणून चार तासाच्या बाटलीला वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडला तर काळजी नको, तास-दीड तासाचा पडला तर विचारा.

दुसरं म्हणजे मधे लावलेल्या छोट्या बाटल्या. मोठी सलाईन थांबवून १०० मिलीची अँटिबायोटिकची बाटली अर्ध्या तासात द्यायची असली तर ६७ थेंब लागतात, आणि तेवढा अर्धा तास मोठीच्या हिशोबात वाढतो. काकूंना साडेबाराला अशी बाटली लावली असती तर दोन-वीसची वेळ दोन-पन्नासवर गेली असती, त्यात बिघाड काही नाही. मोठ्या बाटलीत दहा मिलीचं इंजेक्शन घातलं तर मात्र ४२ थेंबांवर पाचच मिनिटं वाढतात, ते सोडून द्या.

पाण्याची पातळी बघताना डोळे पाण्याच्या रेषेत आणायचे, खालून मान वर करून बघितलं तर पन्नास मिलीचाही फरक वाटू शकतो. आणि आकडे कोणत्या बाजूनं वाचायचे ते आधी नक्की करा, काही बाटल्यांवर किती गेलं ते लिहिलेलं असतं, काहींवर किती राहिलं ते, एकाच बाटलीवर दोन्हीही असतात. १५० गेलं आणि १५० राहिलं ह्यात दोनशे मिलीचा फरक आहे.

बाटली संपत आल्यावर

इथं लोक सगळ्यात जास्त घाबरतात, बाटली रिकामी झाली आणि हवा आत गेली तर काय म्हणून. टांगलेल्या साध्या सलाईनमधे बाटली संपली की पाणी सहसा नळीतच कुठंतरी थांबतं, कारण खाली शिरेतला दाब असतो, बाटलीतली हवा सरसर आत जात नाही. जास्त वेळा होणारा त्रास वेगळा आहे, पाणी थांबलं की रक्त सुईत मागं येऊन गोठतं, सुई बंद पडते आणि सुकलेल्या पेशंटची दुसरी शीर शोधत पुन्हा टोचावं लागतं. उलट्या-जुलाबाच्या पेशंटच्या शिरा आधीच बसलेल्या असतात, तिथं एक चालू सुई टिकवणं म्हणजे लई मोठं काम असतं.

म्हणून ५० मिली राहिलं की सांगायला यायचं. ४२ थेंबांवर पन्नास मिलीला २४ मिनिटं लागतात, म्हणजे आमच्या हातातलं काम उरकून, पुढची बाटली आणून, केसपेपर बघून लावायला पुरेसा वेळ. पण ८० थेंबांवर चालली असल तर तेच पन्नास मिली साडेबारा मिनिटात जातं, तेव्हा १०० वरच उठा. आणि ब्युरेट सेटवर लेकराला तासाला ३० मिली चालू असल तर पन्नास मिलीला १०० मिनिटं आहेत, पण ब्युरेटमधे एका वेळी भरलेलं पाणी थोडंच असतं, तिथं वरच्या बाटलीकडं न बघता नळकांड्यातला आकडा बघायचा. नळकांड्यात १० मिली राहिलं म्हणजे वीस मिनिटं.

काकूंच्या पुतण्यानं मोबाईलमधे १:५५ चा अलार्म लावला होता, ५० मिली राहायची वेळ त्यानंच काढली, ३०० मिली जायला १४३ मिनिटं म्हणून. हिशोबानं १:५८ यायला पाहिजे, त्यानं तीन मिनिटं आधीचा धरला. अलार्म वाजला तेव्हा बाटलीत साठच्या आसपास होतं. तो सांगायला आला, आणि काकूंना लघवी झालेली, तोंड ओलं दिसायलेलं, म्हणून डॉक्टरनं दुसरी बाटली आठ तासात द्यायला सांगितली. मी पट्टी कापेपर्यंत पोरानं थेंब काढून ठेवले होते, दहा हजार भागिले ४८०, एकवीस.